पाच वर्षांत सहा लाख एकोणसत्तर हजार

मुलीच्या शिक्षणाला आज पाच लाख लागत असतील, तर पाच वर्षांनी सहा टक्के महागाईने तेच शिक्षण सुमारे 6 लाख 69 हजारांवर जाते. बहुतेक घरांत हिशेब चुकतो तो इथेच: उद्दिष्ट आजच्या भावात धरले जाते.

पगार चाळीस हजार आहे असे समजू. 6.7 टक्के व्याजाच्या पोस्टाच्या आवर्ती ठेवीत ही रक्कम जमवायला दरमहा जवळपास 9,380 रुपये भरावे लागतील, म्हणजे पगाराचे साडेतेवीस टक्के. भाडे आणि किराणा भागवून एवढे बाजूला काढणे सुरुवातीलाच जड जाते.

रकमेऐवजी टक्का ठरवला, की ओझे हलके होते. पगार दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढला आणि व्याज तेवढेच मिळाले, तर वीस टक्क्यांत जवळपास काम भागते. पहिल्या वर्षी आठ हजार, दुसऱ्या वर्षी 8,640. मात्र पोस्टातला हप्ता पाच वर्षे तोच राहतो. वाढीव 640 रुपयांसाठी बँकेत उरलेल्या मुदतीची वेगळी ठेव उघडावी लागते. ती पगारवाढीच्या महिन्यातच उघडावी, कारण नंतर ते पैसे खर्चात मुरतात.

एखाद्या वर्षी पगार वाढलाच नाही, तर टक्का लगेच वाढवावा किंवा मुदत काही महिने लांबवावी.