शीर्षक बदललं, बाकी काही नाही

समजा, ऑनलाइन दुकानात ‘हाताने शिवलेली गोधडी’ विकायला आहे. शीर्षकात ‘डबल बेड, सुती’ घातलं तर फरक पडेल का? एक आठवडा जुनं, एक आठवडा नवं, असं आलटून पालटून चार आठवडे ठेवावं. आठवडा पूर्णच हवा, कारण शनिवार-रविवारची गिऱ्हाइकं वेगळी असतात. किंमत, पहिला फोटो, जाहिरात, कूपन यांना हात लावायचा नाही. दिवाळीचा काळ टाळायचा. बदलानंतरचा पहिला दिवस मोजणीतून वगळावा, शोधयंत्राला नवं शीर्षक टिपायला वेळ लागतो.

आता आकडे. जुनं शीर्षक ४,००० वेळा दिसलं, क्लिक ८०, म्हणजे २ टक्के. नवं तितक्याच वेळा दिसलं, क्लिक ११२, म्हणजे २.८ टक्के. एवढा फरक निव्वळ योगायोगाने क्वचितच पडतो. पण ऑर्डरी ८ आणि ९! क्लिकमागे खरेदी १० टक्क्यांवरून ८ वर आली, तरी एवढ्या थोड्या ऑर्डरींवरून खरेदी घटली असं म्हणणं मला चुकीचं वाटतं. त्यासाठी चाचणी लांबवायलाच हवी. शिवाय नव्या शब्दांमुळे गोधडी वेगळ्याच शोधांत दिसू लागते. म्हणून कोणत्या शोधशब्दांवरून लोक आले, तेही तपासावं.