सिगारेट सुटते, वजन का वाढतं?

सिगारेट सोडलेला माणूस टपरीवर भेटला की मित्रांची नजर आधी त्याच्या पोटाकडे जाते. सिगारेट ओढणारा बारीक राहतो, हे तंबाखू कंपन्यांना फार आधीपासून ठाऊक होतं. 1920च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ‘लकी स्ट्राइक’ने जाहिरात केली, की गोड खावंसं वाटलं तर त्याऐवजी आमची सिगारेट ओढा. मिठाईवाले खवळले. जाहिरातीतली गोष्ट साफ खोटी नव्हती, हीच पंचाईत!

पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या काही पेशी मेंदूत असतात. निकोटिन त्यांना जागं करतं, म्हणून भूक मरते. शिवाय हृदय जोरात धडधडतं आणि शरीर बसल्याबसल्याही जास्त ऊर्जा जाळतं. दिवसाला 24 सिगारेटी ओढणाऱ्यांचा हा जादा खर्च एका जुन्या प्रयोगात सुमारे 200 कॅलरी भरला होता. पण या बारीकपणावर भाळू नये. ओढणाऱ्याचं वजन कमी असलं तरी चरबी पोटाभोवती साठायला बघते.

दमाचं गणित वेगळं आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो आणि स्नायूंना जाणारा प्राणवायू वाटेतच अडतो. दुसऱ्या मजल्यावर धाप लागते ती काही यामुळे, काही सुजलेल्या श्वासनलिकांमुळे. त्यातला वायू साधारण एका दिवसात रक्तातून निघून जातो. श्वासनलिका सावरायला मात्र काही महिने लागतात.

व्हेपमध्ये काही जळत नाही, म्हणून हा वायू जवळपास नसतो. मात्र निकोटिन असलेल्या व्हेपने नाडी आणि रक्तदाब वाढतातच. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे जखमही हळू भरते. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी सिगारेट सोडायला सांगतात, त्यामागचं हे एक कारण. भारतात ई-सिगारेटच्या विक्रीवर 2019पासून बंदी आहे, त्यामुळे चोरून मिळणाऱ्या नळीत नेमकं काय भरलंय हे तपासणारं कोणी नाही.

आता वजन. सोडणाऱ्यांचे अनेक अभ्यास एकत्र करून 2012 साली सरासरी काढली गेली. औषधाविना सोडणाऱ्यांचं वजन पहिल्या महिन्यात 1.1 किलो, तर वर्षभरात 4.7 किलो वाढलं होतं. यात एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: दर सहांपैकी जवळपास एकाचं वजन उलट घटलं होतं.

समजा, चाळिशीतला एक हिशेबनीस रोज 15 सिगारेटी ओढायचा. सोडल्यावर त्याचा ऊर्जाखर्च रोज अंदाजे सव्वाशे कॅलरींनी घटला. टपरीवरच्या चार फेऱ्या काही थांबल्या नाहीत. आता कटिंगबरोबर सिगारेटऐवजी दोन ग्लुकोज बिस्किटं आली. दिवसाची आठ, म्हणजे पावणेदोनशे-दोनशे कॅलरी. दोन्ही मिळून सव्वातीनशे. किलोभर चरबीला साधारण 7,700 कॅलरी लागतात, म्हणजे महिन्यात किलोहून थोडं जास्त. जेवणाचं ताट तेवढंच राहिलं, तरी पँट घट्ट!

त्याला उपाशी राहायची गरज नाही. कडक डाएट तर लगेच सुरूच करू नये, कारण रिकाम्या पोटी तलफ जास्त छळते. बिस्किटांच्या जागी बडीशेप, लवंग किंवा डब्यातली काकडी आणली आणि चहातली साखर निम्मी केली, की टपरीचा हिशेब बराचसा मिटतो. जेवणानंतरची तलफ सर्वांत चिवट, पण ती काही मिनिटांतच ओसरते. तेवढ्यात उठून पाऊण किलोमीटर चालायचं. दोन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालणं झालं, तर घटलेला ऊर्जाखर्चही बव्हंशी भरून निघतो.

चहाचीही एक गंमत आहे. धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृत कॅफिनचा फडशा लवकर पाडतं. सिगारेट बंद झाली की तेवढ्याच चहातलं कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं. रात्री झोप लागत नाही, हात थरथरतात, आणि माणूस हे सगळं सिगारेटच्या तलफेच्या नावावर टाकतो. संध्याकाळचे दोन चहा कमी करून बघावेत. झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी भूकही वाढते.

निकोटिनचा डिंक वजन वाढणं लांबवतो, थांबवत नाही. तरी पहिले कठीण आठवडे निभावून नेतो. मात्र तो च्युइंगम नव्हे. चव तिखट लागली की चावणं थांबवून तो गालात दाबून ठेवायचा. सतत चावला तर निकोटिन पोटात जातं आणि उचक्या लागतात.

ज्यांचं वजन दहा किलोंहून अधिक वाढलं, त्यांना काही वर्षं मधुमेहाचा धोका जास्त राहतो, म्हणून त्यांनी साखर तपासत राहावी. पण 2018 सालच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, अशा लोकांमध्येही अकाली मृत्यूचं प्रमाण सिगारेट चालू ठेवणाऱ्यांपेक्षा बरंच कमी आढळलं. पोट सुटेल या भीतीने सिगारेट धरून ठेवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. सोडायची असेल तर सरकारचा मोफत मदत क्रमांक 1800-11-2356 आहे.