भिंतीवरची कवटी कोणाची?

झाशीच्या आसपास पावसाळ्यात तीळ पेरतात. त्याच्या पानांवर बोटाएवढी जाड, शेपटाकडे वाकडं शिंग असलेली अळी वाढते. ती जमिनीत कोष करते आणि पुढे तिचा पतंग होतो. शेतालगतच्या घरातला दिवा लागला की तो भिंतीवर येऊन बसतो. पाठीवर फिकट पिवळी कवटी असलेला हा हॉक मॉथ म्हणजे ‘अकेरॉन्शिया स्टिक्स’.

पण कवटी दिसली म्हणून हे नाव ठोकून देता येत नाही. भारतात ‘अकेरॉन्शिया लॅकेसिस’ ही दुसरी जातही आहे आणि तिच्याही पाठीवर कवटी असते. आजूबाजूला तीळ आहे हा पुरावा फार तर दुजोरा देणारा, कारण दोघींच्या अळ्या इतरही बऱ्याच झाडांवर वाढतात.

दोघींतला खरा फरक मागच्या पंखांवर आणि पोटावर असतो. स्टिक्सचे मागचे पंख पिवळे, त्यांवर दोन काळे पट्टे. पोटाच्या मध्यावर निळसर राखाडी रेघ आणि दोन्ही बाजूंना ठळक पिवळं. लॅकेसिसच्या मागच्या पंखांच्या मुळाशी मोठा काळा डाग असतो, पोटावरचा निळसर पट्टा रुंद असतो आणि पिवळ्याला जागा कमी उरते. पंचाईत अशी की बसलेला हॉक मॉथ पुढचे पंख छपरासारखे मिटून नेमकं हेच झाकून घेतो. टसरच्या पतंगाचं तसं नसतं. तो चारही पंख पसरून बसतो आणि प्रत्येक पंखावरचा डोळा आपण होऊन दाखवतो.

म्हणून पहिला फोटो भिंतीला काटकोनात, पतंगाच्या समोरून घ्यावा; खालून काढलेल्या फोटोत पंख आखूड दिसतात. मग काडीने हलकेच डिवचावं. पतंग पंख उचलतो, पोट उघडं पडतं. दुसरा फोटो त्याच क्षणाचा. डिवचल्यावर तो ‘चीं’ असा आवाज काढेल, पण तसा दोघीही काढतात. पिवळ्या बल्बखाली राखाडी रंगही पिवळट दिसतो, तेव्हा फोनचा फ्लॅश वापरलेला बरा. पतंग उडाल्यावर त्याच जागी पट्टी धरून, तितक्याच अंतरावरून आणखी एक फोटो काढला की पंखाची लांबी मोजता येते. मात्र दोघींचे आकार एकमेकांत मिसळतात, त्यामुळे लांबीवरून जात ठरत नाही. लहान हॉक मॉथ तेवढे बाद होतात.

जुना, पंख झिजलेला पतंग असेल किंवा पोट दिसलंच नसेल, तर नोंदीत नुसतं ‘अकेरॉन्शिया’ लिहावं, आणि सोबत तारीख, गाव, दिव्याचा प्रकार. त्याच भिंतीवर पुढे पोट दाखवणारा पतंग आला, तरी त्याच्यावरून आधीच्याचं नाव बदलू नये. दोन्ही जाती एकाच दिव्यावर येऊ शकतात.