काचबिंदूचा रुग्ण गाव बदलतो तेव्हा

काचबिंदूत डोळ्याची नस हळूहळू सुकते आणि गेलेली नजर परत येत नाही. नव्या डॉक्टरांना तपासणीत आजचा दाब आणि आजची नस दिसते. उपचार सुरू होण्यापूर्वी दाब किती होता, नुकसान किती वेगाने वाढले, कोणते औषध का बंद झाले, हे डोळ्यात पाहून कळत नाही. गाव बदलणाऱ्या रुग्णाने सोबत न्यायच्या टिपणात नेमके हेच लिहायचे असते. एक पान त्याला पुरते.

समजा, ६६ वर्षांच्या एक बाई नागपूरहून पुण्याला मुलाकडे राहायला येत आहेत. त्यांचे टिपण असे असेल :

निदान : २०१४, दोन्ही डोळे, खुल्या कोनाचा काचबिंदू. थेंबांपूर्वीचा दाब : उजवा २८, डावा ३२.
कॉर्नियाची जाडी : दोन्ही डोळे ५०५ मायक्रॉन.
शस्त्रक्रिया : डावा, ट्रॅबेक्युलेक्टॉमी, २०१९, मायटोमायसिन वापरले. उजवा, मोतीबिंदू, २०२१.
सध्याचे थेंब : फक्त उजव्या डोळ्यात. लॅटानोप्रोस्ट रात्री एकदा, ब्रिन्झोलामाइड सकाळ-संध्याकाळ.
बंद केलेले : टिमोलॉल (दम्यामुळे), ब्रिमोनिडिन (आठ महिन्यांनी डोळा लाल, खाज).
शेवटचा दाब : उजवा १५, डावा ११.
इतर आजार : दमा. आईला काचबिंदू होता.

थेंबांपूर्वीचा दाब टिपणात सर्वांत वर असतो, कारण पुढचे सगळे त्यावर मोजले जाते. डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा असला तर सर्वसामान्य मानतात, पण काचबिंदूच्या रुग्णाला हा आकडा फसवतो. पुण्यात या बाईंच्या डाव्या डोळ्याचा दाब १७ भरला, तर एरवी तो ठीक वाटेल. पूर्वी ३२ असलेला दाब शस्त्रक्रियेनंतर थेंबांशिवाय ११वर टिकून होता, हे टिपणात वाचले की १७ म्हणजे दाब चढू लागल्याची खूण, हे डॉक्टरांच्या लगेच ध्यानात येते. कॉर्निया पातळ असली तर यंत्र दाब प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवू शकते, म्हणून तिची जाडीही नोंदवायची. चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी लेसर करून घेतले असेल, तर ते जरूर लिहावे, कारण त्यातही कॉर्निया पातळ होते.

थेंबांची नोंद करताना कंपनीच्या नावाबरोबर बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेले औषधाचे मूळ नाव उतरवून घ्यावे, कारण एकच औषध अनेक नावांनी विकले जाते. काही बाटल्यांत दोन औषधे एकत्र असतात, ती दोन्ही लिहायची. कोणता डोळा, दिवसातून किती वेळा आणि कोणत्या वेळी, हेही हवे. बंद झालेल्या थेंबांची ओळ गाळली, तर नवे डॉक्टर तेच औषध पुन्हा देण्याची शक्यता असते. टिमोलॉलने दमा उसळू शकतो आणि नाडी मंदावू शकते, त्यामुळे ही चूक डोळ्यापुरती राहत नाही.

शस्त्रक्रियेची नोंद तारखेसह असावी. ट्रॅबेक्युलेक्टॉमीत डोळ्यातले पाणी बाहेर पडायला वाट करून देतात. ते वरच्या पापणीखाली साचते आणि तिथे ब्लेब नावाचा छोटा फुगवटा तयार होतो. मायटोमायसिनने ही वाट भरून येत नाही, पण फुगवट्याची भिंत पातळ राहू शकते आणि वर्षांनंतरही तिथून जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो. असा डोळा लाल झाला, दुखू लागला, त्यातून चिकट स्राव आला किंवा नजर धूसर झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावे लागतात. अरुंद कोनासाठी केलेले लेसरचे छिद्र, दाबासाठीचे लेसर किंवा बसवलेली नळी यांचीही नोंद हवी.

टिपणासोबत अहवालांच्या मूळ प्रती हव्यात. दृष्टिक्षेत्राच्या चाचणीचे पहिले कागद आणि अलीकडचे कागद एकत्र पाहिल्यावरच नुकसानाचा वेग कळतो. रुग्ण पहिल्या काही वेळा सरावाअभावी चुकतो, म्हणून एका कागदावर भिस्त ठेवता येत नाही. नसेच्या थराची जाडी मोजणाऱ्या ओसीटी तपासणीत एका कंपनीच्या यंत्राचे आकडे दुसऱ्या कंपनीच्या आकड्यांशी थेट जुळत नाहीत. नवीन ठिकाणी यंत्र वेगळे असेल, तर तिथला पहिला अहवाल नवा पाया मानून पुढची तुलना करतात.

पहिल्या भेटीच्या दिवशी थेंब नेहमीप्रमाणे घालूनच जायचे असते. थेंब चुकले असतील, तर तसे सांगावे, नाहीतर चढलेला दाब पाहून औषध वाढवले जाते. शेवटचा थेंब कधी घातला, ती वेळ टिपणाच्या तळाशी लिहिली की ते पूर्ण होते.