घरगुती दागिन्यांचं दुकान : भाग ७
पाच हॅशटॅग, पाच कामं

मागच्या आठवड्यात आपण दागिन्याचा फोटो कसा काढायचा ते पाहिलं. आता त्या फोटोखाली काय लिहायचं ते पाहू. त्यातही ज्याबद्दल सर्वांत जास्त गोंधळ दिसतो, त्या हॅशटॅगबद्दल. आपली बहुतेक घरगुती विक्री इन्स्टाग्रामवर चालते, म्हणून हा भाग तिथल्या नियमांना धरून आहे.

आधी संख्या. इन्स्टाग्रामवर एका पोस्टला तीस हॅशटॅग लावता येत, आणि अनेक जणी तीसच्या तीस लावत. तयार यादी फोनमध्ये जपून ठेवायची आणि प्रत्येक फोटोखाली चिकटवायची, अशी पद्धतच पडली होती. डिसेंबर २०२५ मध्ये इन्स्टाग्रामने ही मर्यादा पाचवर आणली. त्याआधी काही वर्षं त्यांचा सल्ला तीन ते पाचचाच होता. २०२४ च्या अखेरीस एखादा हॅशटॅग ‘फॉलो’ करण्याची सोयही त्यांनी काढून टाकली. हॅशटॅगमुळे पोस्ट फारशा जास्त लोकांपर्यंत जात नाही, हे इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी अनेकदा सांगितलं आहे.

मग हॅशटॅग लावायचे तरी कशाला? ही वस्तू काय आहे आणि कोणाच्या कामाची आहे, हे इन्स्टाग्रामला आणि शोधणाऱ्या गिऱ्हाइकाला कळावं म्हणून. जागा पाचच आहेत, तेव्हा प्रत्येक हॅशटॅगला वेगळं काम असलं पाहिजे. एकच गोष्ट पाच प्रकारे सांगितली, तर चार जागा फुकट गेल्या.

एक उदाहरण घेऊ. डोंबिवलीत राहणारी एक ताई घरी नथी बनवते असं समजा. आज तिला मोत्यांची दाबाची नथ पोस्ट करायची आहे. पितळी तार, काचेचे मोती, मधोमध गुलाबी खडा. नाक टोचलेलं नसलं तरी ही नथ घालता येते.

तिच्या मनात पहिला हॅशटॅग येईल तो #jewellery. तो इतका मोठा आहे की त्यात हिऱ्यांच्या पेढ्यांपासून कानातल्यांच्या घाऊक व्यापाऱ्यांपर्यंत सगळे येतात. तिथे आपली नथ क्षणात खाली जाते, आणि तो शब्द टाकणाऱ्याला नथच हवी असेल याचीही खात्री नाही. दुसरा सुचेल तो #nath. हा नेमका वाटतो, पण उघडून पाहावा. नाथ हे आडनाव आहे, नाथ संप्रदाय आहे, गोरखनाथांचे भक्त आहेत, आणि इंग्रजी अक्षरांत या सगळ्यांचं लेखन एकच होतं. म्हणून नियम असा, की कुठलाही हॅशटॅग लावण्याआधी तो शोधून उघडायचा आणि वरच्या दहा-बारा पोस्ट पाहायच्या. त्यांत आपल्यासारख्या वस्तू, आपल्या आसपासच्या किमतीच्या दिसल्या, तर तो आपला. नाही दिसल्या, तर सोडून द्यायचा.

अशा पारखणीनंतर ताईची निवड साधारण अशी होईल. वस्तूसाठी #maharashtriannath. घडणीसाठी #handmadenath. मराठीत शोधणाऱ्यांसाठी #नथ, कारण देवनागरीत टाकल्यावर नाथांची सरमिसळ उरत नाही. प्रसंगासाठी #nauvarisaree, कारण नऊवारी शोधणाऱ्या बाईला बहुधा नथही हवी असते. आणि गावासाठी #dombivli, कारण जवळचं गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन पाहू शकतं आणि कुरिअरचा खर्च वाचतो.

यातल्या प्रसंगाची आणि गावाची जागा बदलती ठेवावी. मंगळागौरीच्या दिवसांत नऊवारीच्या जागी मंगळागौर येईल, लग्नसराईत नवरीचा साज येईल. परदेशातल्या मराठी गिऱ्हाइकाकडे माल पाठवत असाल, तर त्या पोस्टवर गाव काढून #indianjewelry लावून पाहा. अमेरिकेत दागिन्यांचं स्पेलिंग असं लिहितात आणि शोधणारे तेच टाकतात. स्वतःच्या दुकानाच्या नावाचा हॅशटॅग मात्र नवख्या विक्रेतीने रोज लावू नये. जे नाव अजून कोणी शोधत नाही, त्याला पाचातली एक जागा देणं परवडत नाही. गिऱ्हाइकं नथ घालून स्वतःचे फोटो टाकू लागली, की त्यांना तो लावायला सांगा.

जे खरं नाही ते लावायचं नाही, हेही पक्कं ठरवा. पितळेला सोन्याचा हॅशटॅग आणि काचेच्या मोत्याला अस्सल मोत्याचा, असं केलं तर येणारं गिऱ्हाईक फसल्याच्या भावनेनं परत जातं. बाजारातून आणलेल्या मालावर ‘हाताने घडवलेलं’ लिहिणं तर खरंच हाताने घडवणाऱ्या सगळ्यांवर अन्याय करणारं आहे.

आता जागा. हॅशटॅग कॅप्शनमध्ये, मजकूर संपल्यावर लिहावेत. पहिल्या कमेंटमध्ये टाकले की पोस्ट स्वच्छ दिसते म्हणून अनेक जणी तसं करतात. पण शोधात यायचं असेल तर शब्द आणि हॅशटॅग कमेंटमध्ये नको, कॅप्शनमध्ये लिहा, असं इन्स्टाग्रामने २०२१ मध्येच स्पष्ट केलं आहे. फोटोवर छापलेली अक्षरं हॅशटॅग ठरत नाहीत. प्रोफाइलच्या ओळखीत लिहिलेला हॅशटॅग नुसती लिंक होतो. तिथे त्याऐवजी नावाच्या रकान्यात ‘नथ’ आणि ओळखीत गाव लिहिलेलं जास्त उपयोगी.

खरा भार कॅप्शनच्या वाक्यांवर आहे. ताईचं कॅप्शन असं होईल :

मोत्यांची दाबाची नथ, नाक टोचलेलं नसलं तरी घालता येते. पितळी तारेवर काचेचे मोती हाताने ओवले आहेत, मधोमध गुलाबी खडा. लांबी ३ सें.मी., किंमत ३५० रुपये. डोंबिवलीत हातात मिळेल, बाहेरगावी कुरिअरने.
Handmade clip-on nath, no piercing needed.
#maharashtriannath #handmadenath #नथ #nauvarisaree #dombivli

पहिल्याच ओळीत वस्तूचं नाव आहे, कारण ‘आणखी पाहा’वर बोट न लावता तेवढंच दिसतं. रोमन अक्षरांतली ओळ मुद्दाम आहे. कित्येक मराठी बायकाही फोनवर रोमन अक्षरांतच शोधतात.

पोस्ट टाकल्यावर प्रत्येक हॅशटॅगवर बोट लावून पाहा. मधे जागा किंवा जोडरेघ आली की हॅशटॅग तिथेच तुटतो. #मोत्याची नथ असं लिहिलं तर फक्त #मोत्याची एवढाच उरतो. शब्द जोडून लिहा किंवा मधे खालची रेघ द्या : #मोत्याची_नथ. खातं खाजगी असेल तर हॅशटॅगचा काहीच उपयोग नाही, पोस्ट फक्त फॉलोअरनाच दिसते.

जमतंय की नाही, हे लाइकवरून ठरवू नका. व्यावसायिक खात्यावर प्रत्येक पोस्टच्या इनसाइट्समध्ये पाहणाऱ्यांपैकी फॉलोअर किती आणि बाहेरचे किती, हे दिसतं. सारख्याच दोन नथींच्या पोस्ट घ्या आणि दुसरीत एकच हॅशटॅग बदला. चार बदलले तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. एका पोस्टवरून निष्कर्षही काढू नका, कारण रविवार, सण आणि फोटो यांचाही परिणाम असतो. सोबत, विचारणा करणाऱ्या प्रत्येकीला ‘कुठे पाहिलंत?’ एवढं विचारून वहीत लिहा. बाहेरचे लोक वाढले आणि विचारणा मात्र वाढली नाही, तर हॅशटॅग चुकीच्या माणसांकडे नेतो आहे. तो बदला.

या आठवड्यात तुमच्या शेवटच्या तीन पोस्ट उघडा. प्रत्येक हॅशटॅगपुढे त्याचं काम एका शब्दात लिहा : वस्तू, घडण, भाषा, प्रसंग, गाव. ज्याच्यापुढे काही लिहिता येत नाही तो खोडा. तीनच उरले तरी चालेल, पाच ही कमाल मर्यादा आहे. पुढच्या भागात, आलेल्या विचारणेला उत्तर देताना किंमत कधी आणि कशी सांगायची, ते पाहू.