स्कॅनर बरोबर वाचतो, टाइप चुकतं

सोलापूरच्या बाजारातलं चादरी-टॉवेलचं एखादं दुकान डोळ्यांसमोर आणा. दिवाळी आठवड्यावर आलेली, काउंटरवर गर्दी. पोरगा चादरीच्या लेबलवर स्कॅनर धरतो, बीप होतो आणि बिलात CHD-1180 ऐवजी ‘णफअ-1180’ उमटतं. सॉफ्टवेअर म्हणतं, असा माल यादीत नाही. पुन्हा बीप, पुन्हा णफअ. गंमत म्हणजे त्याच ढिगातला एका कंपनीचा टॉवेल, ज्यावर 890ने सुरू होणारा तेरा आकडी बारकोड छापलेला आहे, तो मात्र मुकाट्याने बिलात चढतो. गिऱ्हाईक ताटकळलेलं. गल्ल्यावरून शेठ ओरडतात, “स्कॅनर गेला वाटतं, दुसरा मागव!”

स्कॅनर गेलेला नाही. त्याने लेबल बरोबर वाचलंय, म्हणूनच बीप झाला. तेरा आकडी बारकोडमधला शेवटचा आकडा आधीच्या बारा आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो. अक्षरं आणि आकडे दोन्ही असलेलं लेबल बहुतेक वेळा ‘कोड 128’ पद्धतीचं असतं आणि त्यातही पडताळणीचं एक चिन्ह दडलेलं असतं. हिशेब जुळला नाही तर स्कॅनर गप्प बसतो. त्यामुळे बीप होऊनही चुकीची अक्षरं आली, तर घोटाळा सहसा वाचण्यात नसतो, पुढे कुठेतरी असतो.

तो कुठे असतो हे समजायला स्कॅनर कॉम्प्युटरशी कसा बोलतो ते पाहावं लागतं. पूर्वी कीबोर्डची वायर कॉम्प्युटरच्या मागून काढून तिथे एक छोटी डबी जोडायचे आणि कीबोर्ड व स्कॅनर दोन्ही त्या डबीत खोचायचे. मध्ये पाचर मारल्यासारखी ती डबी बसायची, म्हणून तिला ‘कीबोर्ड वेज’ म्हणत. आता डबी गेली, यूएसबी आली, पण सोंग तेच राहिलं. स्कॅनर कॉम्प्युटरला सांगतो, ‘मी कीबोर्ड आहे.’ कॉम्प्युटरचा विश्वास बसतो. म्हणूनच वेगळं काही इन्स्टॉल न करता साधा स्कॅनर लावला की चालू होतो आणि म्हणूनच कीबोर्डची सगळी दुखणीही त्याच्या वाट्याला येतात.

आता खरी गोम. कीबोर्ड कॉम्प्युटरला अक्षर पाठवत नाही, कळेचा क्रमांक पाठवतो. यूएसबीच्या ठरलेल्या यादीत C ची कळ 6 क्रमांकाची, D ची 7, H ची 11. स्कॅनर CHD साठी एवढंच कळवतो, की शिफ्ट धरून 6 नंबर दाबली, मग 11, मग 7. त्या कळेवर कोणतं अक्षर आहे हे विंडोज ठरवतं, तेही त्या क्षणी कोणता कीबोर्ड लेआउट चालू आहे ते पाहून. इंग्रजी लेआउट असेल तर CHD. मराठी इनस्क्रिप्ट असेल तर शिफ्टसकट C च्या कळेवर ण आहे, H वर फ आणि D वर अ. झालं णफअ.

दुकानात घडलं असेल ते इतकंच. सकाळी कुणीतरी ‘दिवाळी सेल’चा फलक वर्डमध्ये मराठीत टाइप केला आणि लेआउट परत बदलायचं राहून गेलं. किंवा कुणाचा हात चुकून डाव्या ऑल्ट आणि शिफ्टवर एकदम पडला. ज्या कॉम्प्युटरवर दोन भाषा आहेत, तिथे तेवढ्यानेही भाषा पलटते. टॉवेल का चालला तेही यातच आलं. त्याच्या बारकोडमध्ये नुसते आकडे आहेत आणि या कॉम्प्युटरवरच्या मराठी लेआउटमध्ये आकड्यांच्या कळा इंग्रजीच आहेत. ज्या लेआउटमध्ये त्या कळांवर देवनागरी आकडे असतात, तिथे टॉवेलही अडकला असता.

खात्री करायला दोन मिनिटं पुरतात. नोटपॅड उघडायचं, त्यात लेबल स्कॅन करायचं आणि खालच्या ओळीत तोच कोड नेहमीच्या कीबोर्डवर हाताने टाइप करायचा. हातानेही णफअ आलं, तर स्कॅनर निर्दोष सुटला, लेआउट बदला. हाताने CHD आलं आणि स्कॅनरने भलतंच, तर स्कॅनरच्या सेटिंगकडे वळा. ही चाचणी न करताच नवा स्कॅनर घेतला, तर तोही इमानेइतबारे णफअच टाइप करील.

पहिल्या प्रकारात विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा इंग्रजी केली की काम होतं. टास्कबारवर ENG दिसायला हवं. पण ज्या काउंटरवर मराठी टायपिंग रोजचंच आहे, तिथे हा वैताग पुन्हा पुन्हा येणार. विंडोजच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा लक्षात ठेवण्याची सोय आहे, ती चालू केली की वर्डमधली मराठी बिलाच्या खिडकीत घुसत नाही. उच्चारानुसार मराठी टाइप करून देणारं साधन चालू राहिलं असेल, तर दुखणं आणखी फसवं होतं. ते पर्यायी शब्दांची यादी उघडतं आणि स्कॅनरने पाठवलेलं एंटर तो शब्द पक्का करण्यातच खर्च होऊ शकतं. मग अक्षरंही चुकतात, ओळही पुढे सरकत नाही आणि दुकानदाराला वाटतं, दोन वेगवेगळे बिघाड झालेत.

इंग्रजीतही सगळं एकसारखं नसतं. लेबलवर # आहे आणि पडद्यावर £ आलं, तर कॉम्प्युटरवर अमेरिकेऐवजी ब्रिटनचा लेआउट बसलाय हे ओळखावं. त्याच लेआउटमध्ये @ आणि दुहेरी अवतरणचिन्हाची अदलाबदल होते. जर्मन लेआउटमध्ये Y आणि Z जागा बदलतात. सगळी अक्षरं नुसतीच उलट्या केसमध्ये, म्हणजे CHD चं chd आलं, तर कॅप्स लॉक चालू आहे, बाकी काही नाही. स्कॅनर स्वतः शिफ्ट धरतो, त्यात कॅप्स लॉकची भर पडते आणि अक्षर लहान होतं.

काही स्कॅनरमध्ये भाषेच्या या कटकटीतून सुटायची एक वाट असते. ऑल्ट धरून नंबर पॅडवर अक्षराचा आकडी कोड दाबायचा, म्हणजे C साठी 67, असं सोंग ते वठवतात. मग लेआउट कोणताही असो, अक्षर तेच येतं. ही वाट फक्त विंडोजवर चालते. एका अक्षराला अनेक कळा लागत असल्याने वेग पडतो आणि ऑल्टवर स्वतःचे शॉर्टकट ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरशी तिचं जमेलच असं नाही. दुसरा इलाज नसेल तेव्हाच तिच्या वाटेला जावं.

आता एंटर.

कोड बरोबर आला, पण कर्सर त्याच रकान्यात लुकलुकत बसलाय आणि पोरगा दर वेळी हाताने एंटर मारतोय, हे दृश्य तर घरोघरचं. बारकोडमध्ये एंटर नसतं. कोड टाइप झाल्यावर 40 क्रमांकाची, म्हणजे एंटरची, कळही दाबायची हे स्कॅनरला वेगळं शिकवावं लागतं. त्याला ‘सफिक्स’ म्हणतात. काही स्कॅनर कारखान्यातूनच हे शिकून येतात, काही कोरे येतात. शिकवलेलं विसरण्याचं नेहमीचं कारणही ठरलेलं: कुणीतरी माहितीपत्रकातला ‘फॅक्टरी डिफॉल्ट’चा बारकोड वाचून टाकतो आणि सफिक्स पुसला जातो.

शिकवायचं कसं, तर बारकोड दाखवूनच. पत्रकात प्रत्येक सेटिंगसाठी एक बारकोड छापलेला असतो. झेब्राच्या पत्रकात ‘Add an Enter Key’, हनीवेलच्या पत्रकात ‘Add CR Suffix’ अशा नावाचा. तो एकदा वाचला की काम संपलं. झेब्रात हीच गोष्ट सुटी-सुटी करायला गेलेले मात्र फसतात. सफिक्स कोणता हे सांगितलं तरी तो पाठवायचा की नाही ही वेगळी सेटिंग आहे. ती आधी नुसता मजकूर पाठवण्यावर असेल, तर सफिक्स आतच पडून राहतो. पत्रक आपल्याच मॉडेलचं हवं आणि शेजारचा बारकोड चुकून वाचला जाऊ नये म्हणून तो हाताने झाकावा. मोबाइलच्या पडद्यावरचे बारकोड सगळेच स्कॅनर वाचत नाहीत, तेव्हा कागदावर छापून घेतलेलं बरं.

उलटा आजारही असतो. सफिक्समध्ये एंटर आणि नवी ओळ दोन्ही घातले, तर काही सॉफ्टवेअरला ते दोन एंटर वाटतात. एका एंटरने माल निवडला जातो, दुसऱ्याने नगाचा रकाना न भरताच ओलांडला जातो. नोटपॅडमध्ये प्रत्येक कोडनंतर एक कोरी ओळ सुटताना दिसली की हे निदान पक्कं. नुसतं नवी ओळ हे चिन्ह निवडलं असेल, तर काही स्कॅनर एंटरऐवजी कंट्रोल आणि J पाठवतात आणि सॉफ्टवेअर त्या जोडीला आपला एखादा शॉर्टकट समजून भलतंच काही उघडतं.

कधी CHD-1180 चं CHD-118 होतं, कधी cHD-1180, आणि दर वेळी चूक वेगळी. हा लेआउटचा दोष नव्हे, कारण लेआउट चुकला तर दर वेळी तेच चुकतं. इथे स्कॅनर इतक्या भराभर कळा दाबतोय की समोरचा मागे पडतोय. दूरच्या सर्व्हरवर चालणाऱ्या बिलिंगमध्ये हे जास्त दिसतं. यावर दोन कळांमध्ये उसंत घालता येते. झेब्राच्या स्कॅनरमध्ये ती 20 किंवा 40 मिलिसेकंदांची असते. 20 ची उसंत दिली तरी आठ चिन्हांच्या कोडला सेकंदाचा पाचवा हिस्साही जास्त लागत नाही.

एक दुखणं मात्र कुठल्याच सेटिंगने जात नाही. कीबोर्ड झालेल्या स्कॅनरला कर्सर कुठे आहे हे दिसत नाही. पोरगा दर सुधारायला दराच्या रकान्यात गेला आणि तेवढ्यात दुसऱ्याने टॉवेल स्कॅन केला, तर 890ने सुरू होणारा तेरा आकडी दर बिलात बसतो, आणि वर एंटरही बसतं. यावर उपाय म्हणजे कीबोर्डचं सोंग सोडून स्कॅनरला सीरियल पोर्टच्या पद्धतीवर टाकणं. मग कोड कर्सरच्या जागी न पडता थेट सॉफ्टवेअरच्या हाती जातो आणि लेआउट, कॅप्स लॉक यांचा संबंधच उरत नाही. अट एवढीच, की बिलिंग सॉफ्टवेअरला तो पोर्ट वाचता आला पाहिजे. ते आधी विचारून घ्यावं, कारण ती सोय नसताना स्कॅनर या पद्धतीवर टाकला, तर बीप होतच राहतो आणि पडद्यावर, अगदी नोटपॅडमध्येसुद्धा, काहीच उमटत नाही.