शेवटची पंगत शेअरहोल्डरची

7 जून 2021 ला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने दिवाण हाउसिंग फायनान्स, म्हणजे डीएचएफएल, पिरामल समूहाच्या हाती देण्याची योजना मंजूर केली. दीड वर्ष दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकलेल्या कंपनीला मालक मिळाला, असा बातमीचा सूर होता. अनेक छोट्या गुंतवणूकदारांना वाटलं, आता आपलेही पैसे वाचले. पण काही दिवसांतच शेअर बाजाराची सूचना आली: 14 जूनपासून या शेअरचे व्यवहार बंद, शेअर डीलिस्ट होणार आणि धारकांना मोबदला शून्य.

हाच शेअर सप्टेंबर 2018 मध्ये 600 रुपयांच्या वर होता. बाजारातल्या शेवटच्या दिवशी तो 17 रुपयांच्या आसपास उरला होता. समजा कुणी 600 च्या भावाने 500 शेअर घेतले, म्हणजे तीन लाख रुपये घातले. शेवटच्या शुक्रवारी त्या शेअर्सचे साधारण साडेआठ हजार आले असते. त्यानंतर मात्र ते शेअर रद्दच झाले. कंपनी बुडाली नाही. तिचे कर्जदार आपापले हप्ते भरत राहिले, पिरामलची वित्त कंपनी तिच्यात विलीन झाली आणि नव्या नावाने कारभार चालू राहिला. फक्त जुन्या शेअरहोल्डरचा तिच्याशी काही संबंध उरला नाही.

हे कशामुळे झालं ते समजायला एक वजाबाकी पुरते. डीएचएफएलकडे देणेकऱ्यांची मान्य झालेली येणी सुमारे 87 हजार कोटींची होती. पिरामलच्या योजनेतून आणि कंपनीच्या स्वतःच्या रोखीतून मिळून देणेकऱ्यांना साधारण 38 हजार कोटी मिळणार होते. म्हणजे ज्यांनी कंपनीला उसने दिले, त्यांचेच 49 हजार कोटी बुडाले. शेअरहोल्डर हा कंपनीचा मालक. मालकाला देणी फेडून उरेल तेवढंच मिळतं, आणि इथे देणीच फिटली नाहीत. तरीही बाजार शेवटपर्यंत त्या कंपनीची किंमत पाचशे कोटींच्या घरात लावत होता, कारण सुमारे 31 कोटी शेअर 17 रुपयांच्या भावाने हातोहात फिरत होते. 49 हजार कोटींचा खड्डा ज्या कागदाच्या आधी भरायचा, त्या कागदाला लोक रोख पैसे देत होते. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त टोचतं ते हेच.

कंपनी विकून टाकायची वेळ आली तर पैसे कुणाला आधी द्यायचे, याचा क्रम 2016 च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम 53 मध्ये ठरवून दिला आहे. लग्नातल्या पंगतींसारखी ही रचना आहे, फक्त इथे पहिल्या पंगतीचं पोट भरल्याशिवाय दुसरीचं पान मांडलं जात नाही. पहिला मान प्रक्रियेच्या खर्चाचा, म्हणजे प्रक्रिया चालवणाऱ्या व्यावसायिकाची फी वगैरे. मग एकाच पंगतीत कामगारांची मागच्या 24 महिन्यांची देणी आणि तारण सोडून देऊन या रांगेत आलेल्या बँका. त्यानंतर कामगारांव्यतिरिक्त बाकी कर्मचाऱ्यांचा वर्षभराचा पगार, मग बिनतारणी कर्ज देणारे, मग सरकारचे कर. मालपुरवठादार आणि इतर देणी त्याच्याही मागे. त्यानंतर प्रेफरन्स शेअरवाले आणि अगदी शेवटी साधे शेअरहोल्डर. कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे या वाटणीत धरलेच जात नाहीत, ते बाजूला राहतात.

डीएचएफएल विकून मोडली नाही, तिला खरेदीदार मिळाला. अशा वेळी पैसे कसे वाटायचे ते देणेकऱ्यांची समिती मतदानाने ठरवते. त्या मतदानात शेअरहोल्डरला मत नसतं, आणि मंजूर योजना सगळ्यांना बंधनकारक असते. शेअरहोल्डरच्या वाट्याला तिथेही तोच हिशेब येतो: उद्या कंपनी मोडून विकली असती तर वरच्या सगळ्या पंगती उठल्यावर त्याच्या पानात काय पडलं असतं? उत्तर शून्य आलं की मोबदलाही शून्य.

याच कंपनीत मुदत ठेवी ठेवलेल्यांचीही अवस्था फार चांगली नव्हती, पण ते आधीच्या पंगतीला होते एवढा फरक पडला. दोन लाखांपर्यंतच्या ठेवी पूर्ण परत मिळाल्या, त्यावरच्या ठेवीदारांना सुमारे 23 टक्के. एकाच कंपनीवर विश्वास टाकलेली दोन माणसं घ्या: एकाने शेअर घेतले, दुसऱ्याने ठेव ठेवली. ठेववाल्याला शंभरातले तेवीस तरी मिळाले.

काही जण विचारतात, घोटाळ्याचे पैसे वसूल झाले तर? जुन्या प्रवर्तकांच्या काळातले संशयास्पद व्यवहार सुमारे 45 हजार कोटींचे असल्याचं तपासात पुढे आलं होतं. समितीने मंजूर केलेल्या योजनेत त्यांतल्या काही व्यवहारांच्या भविष्यातल्या वसुलीची किंमत एक रुपया धरून ती खरेदीदाराच्या नावे केली होती. यावर खटला चालला आणि 1 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने योजना कायम ठेवली. भांडण होतं ते देणेकरी आणि खरेदीदार यांच्यात. शेअरहोल्डर त्या वाटणीत नव्हताच.

मग लोक असे शेअर का घेतात? रुची सोयाची आठवण हे त्याचं मोठं कारण आहे. 2019 च्या अखेरीस पतंजलीने ती कंपनी दिवाळखोरीतून घेतली, तेव्हा जुन्या शंभर शेअरचा एक शेअर झाला, पण शेअर बाजारातच राहिला. जानेवारी 2020 मध्ये 17 रुपयांच्या आसपास पुन्हा सुरू झालेला तो शेअर जूनपर्यंत दीड हजारापर्यंत चढला. बाजारात फिरणारे शेअर एक टक्क्याच्याही आत होते, त्यामुळे थोड्याशा मागणीनेही भाव उसळला. देणेकऱ्यांच्या योजनेत जुना शेअर ठेवायचा की रद्द करायचा, हे खरेदीदार लिहितो. रुची सोयात तो राहिला, डीएचएफएलमध्ये नाही राहिला.

इथे एक गल्लत टाळायला हवी. डीलिस्ट झालेली प्रत्येक कंपनी बुडालेली नसते. प्रवर्तक स्वतःहून सगळे शेअर परत घेऊन कंपनी बाजारातून बाहेर काढतात तेव्हा सेबीच्या नियमांप्रमाणे किमान किंमत ठरते आणि तुमच्या हातात पैसे येतात. त्या वेळी शेअर विकायचे राहून गेले, तरी नंतर वर्षभर त्याच भावाने ते देता येतात. दिवाळखोरीच्या योजनेतून होणाऱ्या डीलिस्टिंगला हे नियम लागू होत नाहीत.

तुमच्या डीमॅटमध्ये असा एखादा शेअर असेल, तर आधी कंपनीच्या किंवा भारतीय दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावर देणेकऱ्यांची यादी उघडा. मान्य झालेली येणी तिथे आकड्यांत दिलेली असतात. कंपनी मोडून विकली तर किती येतील, तो आकडा मात्र गोपनीय असतो आणि समितीतल्या देणेकऱ्यांनाच दाखवला जातो. पण खरेदीदारांच्या बोलींचे आकडे बातम्यांत येत राहतात. ती बोली येण्यांपेक्षा कमी दिसली, तर तुमच्या शेअरला बाजारात आज मिळणारा भाव हा कंपनीतला तुमचा हिस्सा नव्हे, समोरचा घेणारा द्यायला तयार आहे एवढाच तो पैसा. व्यवहार बंद होण्याची सूचना आली की तो घेणाराही उरत नाही.